सीजीपीएचा हिशेब आणि चुकलेले क्रेडिट

ग्रेड कार्ड हातात आले की बहुतेक विद्यार्थी दोनच गोष्टी बघतात. एखादा विषय राहिला तर नाही ना, आणि तळाशी छापलेला एसजीपीए किती. मधला क्रेडिटचा रकाना सहसा कुणी वाचत नाही. तो सगळ्यांचा सारखाच असतो, त्यात काय बघायचे, असे वाटते. पण ग्रेडमध्ये चूक झाली तर ती लगेच डोळ्यांत भरते, कारण पेपर कसा गेला हे आपल्याला ठाऊक असते. क्रेडिटची चूक तशी दिसत नाही. गुण बरोबर, ग्रेड बरोबर, नावाचे स्पेलिंगसुद्धा बरोबर; फक्त दोन क्रेडिटचा विषय हिशेबात चार क्रेडिटचा धरला गेलेला असतो, आणि सरासरी गुपचूप सरकलेली असते.

ही चूक घरबसल्या, साध्या कॅल्क्युलेटरवर पकडता येते. नुसती पकडता येते असे नाही, तर बऱ्याच वेळा नेमका कोणता विषय चुकला आहे हेही सांगता येते. त्यासाठी आधी सरळ हिशेब पक्का हवा.

## सरळ हिशेब

यूजीसीने निवडाधारित श्रेयांक पद्धतीसाठी दिलेली दहा गुणांची पट्टी आज आपल्याकडे सर्वाधिक वापरात आहे. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि नापास किंवा गैरहजर असल्यास शून्य. या आकड्याला ग्रेड पॉइंट म्हणतात. विषयाचे क्रेडिट गुणिले त्याचा ग्रेड पॉइंट म्हणजे त्या विषयाचे क्रेडिट पॉइंट. सत्रातल्या सगळ्या विषयांच्या क्रेडिट पॉइंटांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे, की एसजीपीए मिळतो. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत घेतात.

विषयाला किती क्रेडिट, हे त्याच्या तासांवरून ठरते. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रभरात साधारण १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे दोन क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याला दोन तास लागतात, तर दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला चार. इथेच गोंधळाला वाव असतो. वेळापत्रकात प्रात्यक्षिकाचे चार तास दिसले आणि माहिती भरणाऱ्याने चार क्रेडिट टाकले, तर चूक थेट निकालात उतरते. दुसरी नेहमीची जागा म्हणजे पॅटर्न बदलतो ते वर्ष. जुन्या पॅटर्नमध्ये चार क्रेडिटचा असलेला विषय नव्यात दोनचा होतो, पण संगणकातल्या यादीत जुना आकडा तसाच राहतो.

म्हणून क्रेडिट कुठून घ्यायचे याचे उत्तर एकच: तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू असलेल्या पॅटर्नच्या अभ्यासक्रमातला क्रेडिटचा तक्ता. हा तक्ता विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही पानांत असतो. सीनिअरच्या वहीतून, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोतून किंवा ग्रेड कार्डावरूनच क्रेडिट घेऊ नका. ज्या कागदाची पडताळणी करायची, त्याच कागदावरचा आकडा खरा धरला तर पडताळणीला काही अर्थ उरत नाही.

## एक सत्र मांडून पाहू

उदाहरणासाठी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचे पहिले सत्र, म्हणजे सत्र तीन घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जो आराखडा आला, त्यात एका सत्राला २२ क्रेडिट आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट अशी मांडणी आहे. विषयांची वाटणी विद्यापीठागणिक थोडी बदलते. इथले विषय आणि ग्रेड समजण्यापुरते घेतले आहेत.

| विषय | क्रेडिट | ग्रेड पॉइंट | क्रेडिट पॉइंट |
|---|---|---|---|
| रसायनशास्त्र पेपर १ (मेजर) | ४ | ७ | २८ |
| रसायनशास्त्र पेपर २ (मेजर) | २ | ८ | १६ |
| रसायनशास्त्र प्रात्यक्षिक (मेजर) | २ | १० | २० |
| प्राणिशास्त्र (मायनर) | ४ | ६ | २४ |
| ओपन इलेक्टिव्ह | २ | ५ | १० |
| व्होकेशनल स्किल | २ | ९ | १८ |
| मराठी | २ | ७ | १४ |
| फिल्ड प्रोजेक्ट | २ | १० | २० |
| को-करिक्युलर | २ | ९ | १८ |
| एकूण | २२ | | १६८ |

१६८ भागिले २२ म्हणजे ७.६३६, म्हणून एसजीपीए ७.६४.

स्प्रेडशीटमध्ये हेच करायचे असेल तर विषय A स्तंभात, क्रेडिट B मध्ये आणि ग्रेड पॉइंट C मध्ये भरा. नऊ विषय दुसऱ्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत येतील.

```
=ROUND(SUMPRODUCT(B2:B10,C2:C10)/SUM(B2:B10),2)
```

एक खबरदारी घ्या. ऑडिट म्हणून घेतलेला किंवा नुसता पास-नापास शेरा असलेला विषय सरासरीत धरायचा नसेल, तर त्याची ओळ पूर्ण काढा. ग्रेड पॉइंटची जागा रिकामी ठेवून क्रेडिट तसेच राहू दिले, तर सूत्र त्या विषयाला शून्य देते आणि सरासरी उगाचच खाली येते. एकूण क्रेडिट अभ्यासक्रमातल्या बेरजेशी जुळते का, हे म्हणूनच आधी बघायचे.

## छापलेला आकडा वेगळा निघाला तर

आता समजा, ग्रेड कार्डावर एसजीपीए ७.४२ छापला आहे. तुमच्या हिशेबाने ७.६४. फरक ०.२२.

पहिले काम सोपे आहे. कार्डावरचा क्रेडिटचा रकाना अभ्यासक्रमाच्या तक्त्याशी ओळीओळीने ताडून बघा. क्रेडिट पॉइंटचा रकाना छापलेला असेल तर प्रत्येक गुणाकारही करून बघा. चूक इथेच सापडली तर पुढे जायची गरज नाही. पण काही वेळा कार्डावर क्रेडिट बरोबर छापलेले असते, बेरीजही २२ दिसते, आणि एसजीपीए मात्र संगणकातल्या दुसऱ्याच यादीवरून निघालेला असतो. काही ऑनलाइन निकालांत तर ग्रेड आणि एसजीपीए एवढेच दिसते. अशा वेळी छापलेल्या एका आकड्यावरून मागे जावे लागते.

मागे जाण्याचा आधार असा: क्रेडिट पूर्णांक आहेत, ग्रेड पॉइंटही पूर्णांक आहेत, म्हणून क्रेडिट पॉइंटांची बेरीजही पूर्णांकच असली पाहिजे. एसजीपीएला एकूण क्रेडिटने गुणले की ती बेरीज परत मिळायला हवी. ती अगदी तंतोतंत मिळणार नाही, कारण छापताना एसजीपीए दोन दशांश स्थळांवर आणलेला असतो आणि त्यात जास्तीत जास्त ०.००५ एवढा फरक पडलेला असतो. २२ क्रेडिटच्या सत्रात हा फरक गुणाकारात ०.११ पर्यंत जातो. म्हणजे गुणाकार कोणत्या तरी पूर्णांकाच्या ०.११ इतका जवळ आला पाहिजे.

तुमचा आकडा तपासा: ७.६४ गुणिले २२ म्हणजे १६८.०८. पूर्णांक १६८, अंतर ०.०८. बरोबर.

आता छापलेला आकडा: ७.४२ गुणिले २२ म्हणजे १६३.२४. जवळचा पूर्णांक १६३, अंतर ०.२४. एवढे अंतर नुसत्या दशांशाच्या घालमेलीत पडू शकत नाही. याचा अर्थ हा एसजीपीए २२ ने भागून निघालेलाच नाही. कार्डावर एकूण क्रेडिट २२ छापलेले असले तरी भागाकार दुसऱ्याच आकड्याने झाला आहे.

मग कोणत्या? आपल्या सत्रातले सगळे क्रेडिट सम संख्येत आहेत, म्हणून आजूबाजूच्या सम संख्या घेऊन बघू.

| भाजक | ७.४२ गुणिले भाजक | चालेल असे अंतर | निष्कर्ष |
|---|---|---|---|
| १८ | १३३.५६ | ०.०९ | नाही |
| २० | १४८.४० | ०.१० | नाही |
| २४ | १७८.०८ | ०.१२ | जमते, बेरीज १७८ |
| २६ | १९२.९२ | ०.१३ | जमते, बेरीज १९३ |

दोन भाजक उरले, २४ आणि २६. यातला कोणता खरा हे ठरवायला आणि चुकलेला विषय शोधायला एकच भागाकार पुरतो.

## विषय शोधणारा भागाकार

एखाद्या विषयाला जास्तीचे क्रेडिट दिले गेले असेल, तर एकूण बेरजेत जादा आलेले क्रेडिट पॉइंट म्हणजे जादा क्रेडिट गुणिले त्या विषयाचा ग्रेड पॉइंट. उलट केले तर जादा क्रेडिट पॉइंटांना जादा क्रेडिटने भागल्यावर चुकलेल्या विषयाचा ग्रेड पॉइंट हाती येतो.

२४ धरून बघू. बेरीज १६८ हवी होती, आली १७८. जादा १०. क्रेडिट २२ हवे होते, आले २४. जादा २. दहा भागिले दोन म्हणजे ५. पत्रकात ग्रेड पॉइंट ५ असलेला विषय एकच आहे, ओपन इलेक्टिव्ह. म्हणजे दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह हिशेबात चार क्रेडिटचा धरला गेला.

२६ धरून बघितले तर जादा बेरीज २५ आणि जादा क्रेडिट ४. भागाकार ६.२५. असा ग्रेड पॉइंट पट्टीवर नाहीच, म्हणून एका विषयाच्या चुकीने हे घडू शकत नाही. २६ बाद.

ओपन इलेक्टिव्हमध्ये अशी चूक होण्याला कारणही दिसते. अनेक ठिकाणच्या मांडणीत पहिल्या वर्षी ओपन इलेक्टिव्हला सत्रात एकूण चार क्रेडिट असतात आणि दुसऱ्या वर्षी दोन. पहिल्या वर्षाची नोंद तिसऱ्या सत्राला लागली की नेमके हेच होते. आकड्यांनी विषय दाखवला आणि त्या विषयात चूक होण्याचे कारणही दिसले, तर तुमचा तर्क बराच भक्कम झाला.

विषयाला कमी क्रेडिट मिळाले असेल तरी रीत तीच. बेरीजही कमी, क्रेडिटही कमी. दोन्ही फरकांचा भागाकार केला की ग्रेड पॉइंट मिळतो.

या परीक्षेच्या मर्यादाही लक्षात ठेवा. गुणाकार पूर्णांकाजवळ आला नाही, तर चूक नक्की आहे. पण तो जवळ आला म्हणून सगळे बरोबर आहे असे होत नाही. वर २६ कसा पास झाला ते पाहिलेच. २२ क्रेडिटच्या आसपास चुकीचा भाजकही साधारण पाचांतून एखाद्या वेळी योगायोगाने जमून जातो. दुसरे म्हणजे, ही रीत ग्रेड पॉइंट पूर्णांक असतात तिथेच चालते. काही संस्था ७.४ किंवा ८.२५ असे दशांशातले ग्रेड पॉइंट देतात. तिथे बेरीज पूर्णांक असण्याचे बंधन नसते, म्हणून प्रत्येक ओळीचा गुणाकार हाच एक मार्ग उरतो.

तिसरी मर्यादा सगळ्यांत महत्त्वाची. चुकलेल्या विषयाचा ग्रेड पॉइंट तुमच्या सरासरीच्या जवळ असेल, तर एसजीपीए जवळजवळ हलतच नाही. ओपन इलेक्टिव्हमध्ये ५ ऐवजी ८ मिळाले असते, तर खरा एसजीपीए १७४ भागिले २२ म्हणजे ७.९१ आणि चुकीचा १९० भागिले २४ म्हणजे ७.९२ निघाला असता. एवढ्याशा फरकाकडे कोण बघणार? आणि ज्याला ओपन इलेक्टिव्हमध्ये ओ मिळाला, त्याचा एसजीपीए ८.०९ ऐवजी ८.२५ झाला असता. तो तर तक्रार करणारच नाही.

म्हणूनच अशी शंका आली की त्याच वर्गातल्या दोघातिघांची कार्डे घेऊन बघावीत, आणि संशयित विषयात ज्यांना वेगवेगळे ग्रेड आहेत असेच मित्र निवडावेत. क्रेडिटची चूक यादीतली असेल तर ती एकट्याची नसते, पूर्ण तुकडीची असते. त्या विषयात कमी ग्रेड असलेल्यांचा एसजीपीए खाली गेलेला आणि जास्त ग्रेड असलेल्यांचा वर गेलेला दिसला, तर प्रश्न विषयाच्या वजनाचा आहे. फक्त तुमचाच आकडा चुकला असेल तर कारण वेगळे आहे, बहुधा तुमचाच एखादा ग्रेड चुकीचा नोंदला गेला असेल.

## क्रेडिटची बेरीज बरोबर, वाटणी चूक

आणखी एक प्रकार आहे. एका विषयाचे क्रेडिट दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे पहिल्याला लागते. एकूण क्रेडिट २२ च राहतात, म्हणून बेरीज बघणारा फसतो.

समजा कार्डावर ७.७३ छापले आहे. २२ ने गुणल्यावर १७०.०६ येते, म्हणजे बेरीज १७० आणि भाजक २२ जमतो. तुमच्या १६८ पेक्षा ती दोनने जास्त. चार आणि दोन क्रेडिटच्या विषयांची अदलाबदल झाली असेल, तर दोन क्रेडिट एका विषयातून निघून दुसऱ्यात गेले. बेरजेतला फरक म्हणजे त्या दोन विषयांच्या ग्रेड पॉइंटांतल्या फरकाची दुप्पट. फरक दोन आहे, म्हणून ग्रेड पॉइंटांत एकाचे अंतर हवे, आणि जास्त ग्रेड पॉइंट दोन क्रेडिटच्या विषयाला असायला हवा, कारण बेरीज वाढली आहे.

अशा जोड्या पत्रकात दोन सापडतात. रसायनशास्त्र पेपर १ (ग्रेड पॉइंट ७) आणि पेपर २ (८) ही एक. प्राणिशास्त्र (६) आणि मराठी (७) ही दुसरी. आकडे इथे थांबतात, यापलीकडे ते सांगत नाहीत. एकाच विषयाच्या दोन पेपरांत अदलाबदल होण्याची शक्यता जास्त हे खरे, पण अर्जात ते ठाम विधान म्हणून लिहू नये. छापलेल्या एसजीपीएसाठी बेरीज १७० येते आणि अभ्यासक्रमानुसार ती १६८ हवी, एवढेच लिहावे. कोणत्या विषयाला किती क्रेडिट लावले, हे परीक्षा विभागाला त्यांच्या नोंदीत दिसते.

या उदाहरणात चूक तुमच्या फायद्याची आहे. तरीही ती कळवणेच शहाणपणाचे. अंतिम सत्रानंतर सीजीपीए काढताना किंवा पदवी प्रमाणपत्रापूर्वी नोंदी तपासताना ती दुरुस्त झाली, तर तोवर नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात भरलेला आकडा आणि अंतिम कागदावरचा आकडा जुळणार नाहीत. खुलासा तुम्हालाच देत बसावे लागेल.

## एसजीपीएवरून सीजीपीए

सीजीपीए म्हणजे एसजीपीएंची साधी सरासरी, हा समज सगळीकडे आढळतो. सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे असतील तर तो चालून जातो. सत्रांचे क्रेडिट वेगवेगळे असतील तर मात्र प्रत्येक एसजीपीएला त्या सत्राच्या क्रेडिटने गुणून, बेरजेला एकूण क्रेडिटने भागावे लागते.

यूजीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांतच याचे उदाहरण आहे. सहा सत्रांचे क्रेडिट २०, २२, २५, २६, २६ आणि २५. एसजीपीए अनुक्रमे ६.९, ७.८, ५.६, ६.०, ६.३ आणि ८.०. गुणाकारांची बेरीज ९६९.४ येते, एकूण क्रेडिट १४४, आणि सीजीपीए ६.७३. याच सहा एसजीपीएंची साधी सरासरी काढली तर ६.७७ येते. सर्वांत कमी क्रेडिटच्या पहिल्या दोन सत्रांतले एसजीपीए बरे होते; साध्या सरासरीने त्यांना त्यांच्या वजनापेक्षा जास्त मान दिला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तर पहिल्या वर्षाची सत्रे हिशेबात धरायचीच नाहीत की कशी, हे आपल्या विद्यापीठाच्या नियमात आधी बघून घ्यावे.

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. पहिल्या सत्रात बेरीज १६०, एसजीपीए ७.२७; दुसऱ्यात १६७, एसजीपीए ७.५९; तिसऱ्यात १६८, एसजीपीए ७.६४. तीन सत्रांची बेरीज ४९५, क्रेडिट ६६, सीजीपीए ७.५०. ओपन इलेक्टिव्हची चूक तशीच राहिली तर बेरीज ५०५, क्रेडिट ६८ आणि सीजीपीए ७.४३.

सत्रात ०.२२ चा असलेला फरक इथे ०.०७ वर आला. सहा सत्रे पूर्ण झाल्यावर तो ०.०४ च्या आसपास उरेल. चूक तेवढीच असते, भाजक मोठा झाल्याने ती बुडून जाते. गुणाकाराची परीक्षाही सीजीपीएवर उपयोगी पडत नाही. १३२ क्रेडिटला ०.००५ ने गुणले तर ०.६६ येते, म्हणजे कोणताही आकडा कुठल्या ना कुठल्या पूर्णांकाच्या तेवढ्या जवळ असतोच. म्हणून पडताळणी दर सत्राला, त्या सत्राच्या कार्डावरच करायची. आणि सीजीपीए काढताना दोन दशांशांवर आणलेले एसजीपीए न वापरता प्रत्येक सत्राची मूळ बेरीज वापरायची. त्यासाठी एका कागदावर सत्र, क्रेडिट आणि क्रेडिट पॉइंट एवढे तीन आकडे दर सत्रानंतर लिहून ठेवले की पुरते.

## एटीकेटी सुटल्यावर

राहिलेला विषय पुढे सुटला की त्याची जुनी ओळ जाऊन नवी आली पाहिजे. काही वेळा दोन्ही ओळी राहतात. नापासाची ओळ शून्य क्रेडिट पॉइंट देते, पण तिचे क्रेडिट भाजकात बसून राहतात.

समजा प्राणिशास्त्र आधी राहिले होते आणि नंतर बी ग्रेडने सुटले. तुमच्या हिशेबाने एसजीपीए ७.६४ हवा, पण सुधारित कार्डावर ६.४६ आला. २२ ने गुणले तर १४२.१२, पूर्णांकापासून ०.१२ दूर, म्हणजे थोडक्यात का होईना पण नापास. २६ ने गुणले तर १६७.९६, म्हणजे १६८. बेरीज बरोबर तेवढीच, क्रेडिट मात्र चार जादा. विषय शोधणारा तोच भागाकार इथेही करा: जादा बेरीज शून्य, जादा क्रेडिट चार, ग्रेड पॉइंट शून्य. शून्य ग्रेड पॉइंट आणि चार क्रेडिट म्हणजे प्राणिशास्त्राची जुनी नापास ओळच.

तक्रार करण्यापूर्वी नियम मात्र वाचा. विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापायचाच नाही, असा काही विद्यापीठांचा नियम असतो. काही ठिकाणी शून्य धरून तात्पुरता एसजीपीए देतात. तुमच्या हातातले कार्ड सुधारित निकालाचे आहे की जुन्याच, हे त्यावरच्या तारखेवरून आधी पक्के करा.

## अर्ज कसा करायचा

ही तक्रार पुनर्मूल्यांकनाची नाही. उत्तरपत्रिका कुणी पुन्हा तपासायची नाही, गुण बदलायचे नाहीत. पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरून शुल्क भरलेत तर उत्तर येईल ते गुणांविषयी, आणि एसजीपीए आहे तसाच राहील. तुम्हाला हवी आहे निकालपत्रातली दुरुस्ती, आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागामार्फत लेखी अर्ज करायचा.

अर्जाला तीन कागद जोडा: ग्रेड कार्डाची प्रत, तुमच्या पॅटर्नच्या अभ्यासक्रमातले क्रेडिटच्या तक्त्याचे पान, आणि वर दाखवला तसा विषयवार हिशेब. मजकूर थोडक्यात आणि आकड्यांत ठेवा. उदाहरणार्थ:

"सत्र ३ मधील ओपन इलेक्टिव्ह या विषयास मंजूर अभ्यासक्रमानुसार २ क्रेडिट आहेत. त्यानुसार एकूण क्रेडिट २२, क्रेडिट पॉइंट १६८ व एसजीपीए ७.६४ येतो. ग्रेड कार्डवर एसजीपीए ७.४२ आहे. हा आकडा सदर विषयास ४ क्रेडिट धरल्यास (एकूण क्रेडिट २४, क्रेडिट पॉइंट १७८) येतो. तरी नोंदीतील क्रेडिट तपासून निकालपत्र दुरुस्त करून मिळावे, ही विनंती."

अर्ज वाचणाऱ्याने एकदा कॅल्क्युलेटर घेतला की त्याला हे पटते. "माझा एसजीपीए कमी आला आहे" एवढेच लिहिले, तर कार्डावरचा आकडा संगणकाशी ताडून "बरोबर आहे" असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, कारण संगणकात चुकीचाच आकडा आहे आणि तो कार्डाशी जुळतोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका. वर्गातल्या आणखी कुणाचा आकडा तसाच चुकला असेल तर प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यावा आणि त्यात तुकडीचा उल्लेख करावा, म्हणजे दुरुस्ती एका कार्डापुरती न होता मूळ यादीत होते.

दुरुस्त कार्ड मिळाल्यावर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्यात त्या सत्राचे किती क्रेडिट जमा दिसतात तेही बघा. छापील कार्ड सुधारले आणि तिथे मात्र २४ च राहिले, असे असेल तर महाविद्यालयाला तेही लगेच कळवा. पुढे दुसऱ्या संस्थेत प्रवेश घेताना क्रेडिट तिथूनच हस्तांतरित होतात.